समोरासमोरचे दोन गाळे

मराठी पुस्तकं विकणाऱ्या दोघांना भांडायला तशी जागा कमी. किंमत प्रकाशक छापूनच देतो. एकाच्या गाळ्यावर ३०० रुपयांची असलेली कादंबरी शेजारच्या गाळ्यावरही ३०० रुपयांचीच. मजकूर तोच, मुखपृष्ठ तेच. भांडण उरतं ते सवलतीवरून. दुकानं वेगवेगळ्या गावांत असतात तोवर ते झाकलेलं राहतं. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मात्र दोन गाळ्यांमध्ये चार पावलांचा रस्ता असतो आणि वाचक दोन्हीकडे भाव विचारून येतो.

१८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिलं संमेलन भरलं, ते ग्रंथकारांचं. आज संमेलनाला येणारे कितीतरी लोक परिसंवादाला न बसता थेट ग्रंथप्रदर्शनात शिरतात. तिथल्या गाळेवाल्यांचं एकमेकांशी काय नातं असतं, हे पाहण्यासाठी दोन विक्रेते समोरासमोर उभे करू. एक पुण्याचे, साठीतले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दुसरा लातूरचा, पस्तिशीचा. माणसं कल्पित आहेत, आकडेही हिशेबाला सोयीचे घेतले आहेत. व्यवहार मात्र नेहमीचा.

पहिल्या दिवशी सकाळी अण्णांनी ‘२० टक्के सवलत’ असा फलक लावला. तासाभरात समोर ‘२५ टक्के’ झळकला.

“काय लातूरकर, घरून पैसे आणलेत वाटतं वाटायला?”

“पुणेकरांनी काळजी करू नये. आमचं आम्ही बघतो.”

या पाच टक्क्यांत काय दडलंय ते पाहू. ३०० रुपयांचं पुस्तक विक्रेत्याला ३५ टक्के कमिशनने, म्हणजे १९५ रुपयांना पडलं. वाचकाला २० टक्के सोडले तर ते २४० ला जातं आणि हातात ४५ रुपये राहतात. २५ टक्के सोडले तर ते २२५ ला जातं आणि हातात फक्त ३० राहतात. गाळ्याचं भाडं, टेम्पो, दोन मुलांचा पगार, लॉज आणि जेवण मिळून ३६ हजार खर्च धरला, तर अण्णांना तो भरून काढायला ८०० पुस्तकं विकावी लागतील आणि समोरच्याला १२००. वाचकाला पाच टक्के जास्त सुटले, पण विक्रेत्याला दीडपट पुस्तकं खपवावी लागली. गर्दी वाढली म्हणून विक्री दीडपट होतेच असं नाही. दिवसभर गल्ला भरलेला दिसतो आणि रात्री खर्च वजा केला की तोंड उतरतं.

छापील किंमत सारखी नसलेलीही काही पुस्तकं असतात, आणि तिथे कुरबूर जास्त होते. ‘श्यामची आई’ हे त्यातलं ठळक नाव. साने गुरुजींचं निधन १९५० साली झालं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून १ जानेवारी २०११ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. अण्णांकडे जाड कागदाची, बांधीव शिवणीची आवृत्ती होती. समोर पातळ कागदाची, नुसती डिंकाने चिकटवलेली आणि बरीच स्वस्त. वाचक दोन्ही हातात घेऊन विचारी, “आतलं तेच आहे ना?” अण्णा त्याला पुस्तक पूर्ण उघडून मधली शिवण दाखवत. लातूरकर नुसती किंमत दाखवी. दोघांचीही विक्री होत होती, पण प्रत्येकाला वाटत होतं की आपलं गिऱ्हाईक समोरच्याने पळवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल चाळीस नावांची यादी घेऊन लातूरकरकडे आले. गाळेवाल्यांच्या दृष्टीने हे सगळ्यात मोलाचं गिऱ्हाईक. सार्वजनिक वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं, त्यातून ग्रंथखरेदी होते आणि तिचा हिशेब दाखवावा लागतो. चार गाळ्यांवरून चार बिलं गोळा करण्यापेक्षा एका ठिकाणी यादी पुरी होणं त्यांच्या सोयीचं. लातूरकरकडे एकतीस पुस्तकं निघाली. राहिलेल्या नऊंपैकी सहा समोर अण्णांच्या फळीवर दिसत होती.

थोडा वेळ तो घुटमळला. मग रस्ता ओलांडून गेला.

“अण्णा, सहा प्रती हव्या होत्या. संध्याकाळी हिशेब करू.”

“आता अण्णा का? काल पुणेकर होतो की.” तरी त्यांनी यादी हातात घेतली. “पंचवीस टक्क्यांनी देतो. आणि वाचनालयाला वीसच्या वर जायचं नाही. गेलात तर उद्या ते मलाही तेवढंच मागतील.”

४०० रुपयांच्या एका प्रतीवर हा व्यवहार मांडून पाहू. अण्णांना ती २६० ला पडली होती, त्यांनी ३०० ला दिली. वाचनालयाने ३२० भरले. अण्णांना ४० मिळाले, लातूरकरला २०. अण्णांनी ती स्वतः विकली असती तर ६० सुटले असते, पण विकली जाईलच याची खात्री काय? न विकलेली प्रत पुन्हा खोक्यात जाते, टेम्पोत घासते, कोपरे दुमडतात, आणि प्रकाशक मग ती परत घ्यायला कुरकुर करतो. लातूरकरचं म्हणाल तर त्या वीस रुपयांसाठी तो गेलाच नव्हता. बाकीच्या एकतीस पुस्तकांचं बिल टिकवायला गेला होता. ग्रंथपाल एकदा समोरच्या गाळ्यात शिरले असते तर सगळी यादी तिथेच पुरी करायला बसले असते.

संध्याकाळी हिशेबाला दोघं अण्णांच्या गाळ्यामागे खोक्यांवर बसले. चिठ्ठीवर सहा नावं लिहिलेली, पण आकड्यात एका प्रतीचा फरक येत होता. असे फरक बहुधा याच जागी पडतात: मुलगा घाईत प्रत उचलून देतो आणि चिठ्ठीवर लिहायचं राहतं. अण्णांनी बिलाच्या कार्बन प्रतीवर बोट ठेवून एकेक नाव लावलं. सातवी प्रत सापडली. ती त्यांच्याच मुलाने दिली होती.

“माझ्याकडून राहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, लातूरकरने खाल्ली,” तो म्हणाला.

“म्हणालो असतो,” अण्णा हसले. “चहा घेणार का?”

चहाबरोबर मग धंद्याच्या गोष्टी निघाल्या. कुठल्या गावात कविता अजिबात हलत नाहीत, कुठल्या प्रकाशकाकडे पैसे भरूनही माल महिनाभर येत नाही, मुलांची चित्रांची पुस्तकं फळीवर वर ठेवली तर मुलांचा हातच पोचत नाही. लातूरकरने खालची फळी बालसाहित्याला दिली होती. अण्णांनी ते पहिल्या दिवशीच हेरलं होतं, पण बोलले आत्ता.

“तुझा पंचवीसचा फलक काढ. मी माझा वीसचा ठेवतो.”

“आणि तिकडे कोपऱ्यात ‘कोणतंही पुस्तक पन्नास रुपये’ आहे, त्याचं काय?”

“त्याच्याशी आपली बरोबरी नाही. तो जुना साठा वजनावर घेतो. त्याच्याकडे गेलेला माणूस विशिष्ट पुस्तक मागत नाही, मिळेल ते घेतो. आपल्याकडे येणारा नाव घेऊन येतो.”

फलक उतरला. हा समझोता फार दूर जात नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तिसऱ्या गाळ्याने तीस टक्के लावले की दोघांनाही हलावं लागेल. शाळांच्या मोठ्या खरेदीत तर कुणी कुणाला विचारत नाही. तिथे जो आधी पोचतो त्याचं. पण शेवटच्या रात्री परतीच्या मालासाठी दोन वेगळे टेम्पो ठरवण्याऐवजी त्यांनी पुण्यापर्यंत एकच ठरवला, कारण लातूरकरलाही उरलेला माल तिथल्याच प्रकाशकांकडे परत करायचा होता. भाडं खोक्यांच्या संख्येने वाटून घेतलं. खोकी चढवताना अण्णांनी विचारलं, “पुढच्या वर्षी गाळा कुठे मागणार?”

“तुमच्या समोर नको. शेजारी मागतो. प्रती आणायला रस्ता ओलांडावा लागतो.”

“शेजारी घे. पण ‘श्यामची आई’ तुझी तू विक, माझी मी विकीन.”