दप्तरातला कन्सोल: आधी पाऊच, मग काच

कन्सोल घेतला की दुकानदार आधी रंगीबेरंगी कव्हर पुढे करतो, मग स्क्रीनवर काच लावून देतो. पाऊचचा विषय निघालाच तर शेवटी. दप्तरातून रोज फिरणाऱ्या कन्सोलसाठी हा क्रम नेमका उलटा हवा.

उदाहरणादाखल निन्टेंडोचा स्विच लाइट घेऊ. २०१९ साली आलेला हा कन्सोल मुलांमध्ये खूप दिसतो. वजन सुमारे पावणेतीनशे ग्रॅम, स्क्रीन साडेपाच इंची. मोठ्या स्विचचे दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढता येतात, याचे येत नाहीत. त्यामुळे अंगठ्याने फिरवायची दांडी, म्हणजे स्टिक, बिघडली तर नुसता कंट्रोलर बदलून भागत नाही. अख्खा कन्सोल उघडावा लागतो. आणि दप्तरात सगळ्यात आधी दाब बसतो तो याच स्टिकवर, कारण ती पृष्ठभागाच्या वर आलेली असते. वह्या-पुस्तकांचा भार तासन्‌तास तिच्यावर राहिला, की ती एका बाजूला कलंडून दाबलेली राहते. पुढे कधीतरी बोट न लावताही खेळातले पात्र आपोआप सरकू लागते. हा दोष नुसत्या वापरानेही येतो, पण दप्तरातल्या दाबाने त्याला आमंत्रण कशाला द्यायचे?

म्हणून पाऊच कडक कवचाचा हवा. मऊ कापडी पिशवी ओरखडे थांबवते, दाब नाही. दुकानात पाऊच बंद करून झाकणाच्या मधोमध तळव्याने दाबून पाहावे. झाकण आत गेले तर तो ठेवून द्यावा. घरी आणखी एक चाचणी करता येते. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वाटाण्याएवढा सैल गोळा स्टिकच्या टोकावर ठेवायचा, चेन लावायची, वरून हलका दाब द्यायचा आणि उघडून पाहायचे. गोळा चपटा झाला असेल, तर झाकण आणि स्टिक यांच्यात पुरेशी जागा नाही. फॉइल पुन्हा फुगत नाही, त्यामुळे पुरावा तसाच राहतो.

बऱ्याच पाऊचच्या झाकणात आतून जाळीचा खिसा असतो. चार्जर तिथेच ठेवायचा मोह होतो, पण तो खिसा बरोबर स्क्रीनच्या समोर येतो. बाहेरून कितीही कडक असलेला पाऊच अशा वेळी आतूनच कन्सोलला मारतो. खिशात वायर किंवा गेम कार्डांची चपटी डबी चालेल, तीही मधे जाड पडदा असेल तर. चार्जरचा जाड ठोकळा वेगळा.

आता काच. स्विच लाइटची स्क्रीन प्लॅस्टिकची आहे, त्यामुळे टेम्पर्ड काच लावणे खरोखर उपयोगाचे. मात्र पाकिटावरच्या ‘९एच’ या शिक्क्याने फार हुरळू नये. ते माप पेन्सिलींच्या कठीणपणाचे आहे. वाळूतल्या गारेचे कण काचेपेक्षा कठीण असतात, आणि मैदानावर टेकवलेल्या दप्तराच्या तळाशी अशी वाळू असतेच. तेव्हा काच ओरखडेल. ओरखडे खालच्या स्क्रीनऐवजी तिच्यावर पडावेत, हेच तिचे काम. घेताना मॉडेल नीट सांगावे, कारण साध्या स्विचची स्क्रीन सव्वासहा इंची आणि ओएलईडीची सात इंची असते. ओएलईडीच्या काचेवर कंपनीनेच एक पातळ फिल्म लावलेली असते. ती संरक्षक कागद समजून सोलू नये. नवी काच तिच्यावरच लावायची.

कव्हर शेवटी घ्यायचे, आणि तेही पाऊच सोबत नेऊन. कन्सोलच्या मापाने कोरलेल्या पाऊचमध्ये दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे कव्हर चढवलेला कन्सोल अनेकदा बसत नाही. दाबून बसवला तर स्टिक झाकणाला टेकते. कव्हरची कड वर आलेली असेल तर ती काचेची किनार उचलते आणि तिथून धूळ शिरते. कन्सोलच्या वरच्या कडेला गरम हवा बाहेर पडण्याची जाळी असते, तीही मोकळी राहायला हवी. हातातून सुटायची भीती असेल तर कव्हर जरूर घ्यावे. दप्तरातल्या प्रवासापुरते पाहिले तर त्याच्यावाचून अडत नाही.

पाऊच दप्तरात पाठीकडच्या कप्प्यात उभा ठेवावा आणि पाण्याची बाटली बाहेरच्या खिशात. पाऊचची चेन सहसा पाणी अडवत नाही, म्हणून पावसाळ्यात त्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी हवी. घरी पोचल्यावर ती लगेच काढायची. निघण्यापूर्वी कन्सोल झोपवण्याऐवजी पूर्ण बंद करावा: पॉवरचे बटण तीन सेकंद दाबून ‘Power Options’मधले ‘Turn Off’ निवडायचे.

भारतात हे कन्सोल बहुतेक आयात करणाऱ्या दुकानांतून येतात, आणि दुरुस्तीसाठी सुटे भाग व जाणकार कारागीर शोधावे लागतात. खर्चाला मर्यादा असेल तर कव्हर सोडून द्यावे, काच साधी घ्यावी आणि वाचलेले पैसे पाऊचवर घालावेत.