ॲपमधला प्रश्न आणि आयोगाचा प्रश्न

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत सामान्य अध्ययनाचा पहिला पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा आणि 2 तासांचा असतो. त्याच्या अभ्यासक्रमातला पहिलाच घटक म्हणजे राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडी. इतिहास-भूगोलाला शालेय पाठ्यपुस्तकांचा आधार असतो. चालू घडामोडींचे पुस्तक छापून येईपर्यंत जुने होऊ लागते. ही उणीव भरून काढायला आता प्रश्नमंजुषांची ॲप्स आली आहेत. सकाळी मोबाइल उघडायचा, दहा-वीस प्रश्न सोडवायचे, गुण आणि क्रमांक पाहायचा, हा अनेक उमेदवारांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे.

या प्रश्नांची घडण पाहिली की त्यांची मर्यादाही कळते. ॲपला रोज नवे प्रश्न हवे असतात, म्हणून बातमीच्या मथळ्यातला एखादा आकडा किंवा नाव उचलून त्याभोवती चार पर्याय रचणे सर्वात सोपे पडते. आयोगाचा प्रश्न मात्र पुष्कळदा ‘खालील विधाने विचारात घ्या’ किंवा ‘जोड्या लावा’ या स्वरूपाचा असतो. तिथे मथळ्याखालचा मजकूरही माहीत असावा लागतो.

11 जुलै 2025 रोजी पॅरिसमधल्या 47 व्या अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, ती घटना घेऊ. तिच्यावर ॲपमध्ये येणारे प्रश्न सहज सुचतात: एकूण किल्ले किती? बारा. भारताचे कितवे वारसा स्थळ? चव्वेचाळिसावे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि दोन्ही पाठ करायला मिनिटही लागत नाही.

आता त्याच घटनेवर चार विधाने मांडून पाहावीत. पहिले, या यादीतले सर्व किल्ले महाराष्ट्रात आहेत. दुसरे, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे यातले बेटांवरचे किल्ले आहेत. तिसरे, सर्व बारा किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. चौथे, विजयदुर्ग हा या गटातला किनारी किल्ला आहे. फक्त ‘बारा’ आणि ‘चव्वेचाळीस’ एवढेच पाठ असलेला उमेदवार इथे अडतो. पहिले विधान चूक आहे, कारण जिंजी तामिळनाडूत आहे आणि महाराष्ट्रात अकराच किल्ले आहेत. तिसरेही चूक: साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार किल्ले राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत, उरलेले आठ केंद्राकडे. दुसरे आणि चौथे बरोबर. यासाठी वेगळा ग्रंथ वाचावा लागत नाही. त्या दिवसाचे सरकारी प्रसिद्धिपत्रक शेवटपर्यंत वाचले तरी पुरते. पण ॲपमधले उत्तर बरोबर आले की ते वाचण्याची गरजच वाटत नाही, आणि खरा तोटा होतो तो इथे.

दुसरी अडचण प्रश्नाच्या वयाची. 2023 मध्ये शांतिनिकेतन आणि होयसळ मंदिरे यादीत आली तेव्हा भारतातल्या वारसा स्थळांची संख्या 42 झाली. 2024 मध्ये आसाममधल्या मोईदामांमुळे ती 43 वर गेली आणि किल्ल्यांमुळे 44 वर. म्हणजे ‘भारतात जागतिक वारसा स्थळे किती?’ या एकाच प्रश्नाची तीन उत्तरे आपापल्या वर्षी बरोबर होती. ॲपच्या प्रश्नसंग्रहात तिन्ही वर्षांचे प्रश्न एकत्र असतील आणि त्यांवर तारीख नसेल, तर जुना प्रश्न नव्याच्या वेशात समोर येतो. पद, पुरस्कार, योजनेची रक्कम आणि ‘आतापर्यंत किती’ असे विचारणारे प्रश्न सर्वात लवकर शिळे होतात. प्रश्नाखाली महिना-वर्ष नाही, स्पष्टीकरणात उत्तराचीच ओळ पुन्हा छापली आहे आणि मूळ बातमीचा पत्ता नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की त्या संग्रहावर विसंबू नये.

कधी कधी दोन ॲप्सची उत्तरे जुळत नाहीत, पण त्यातले एकही जुने नसते. महाराष्ट्रात वारसा स्थळे किती, याचे उत्तर कुठे सहा तर कुठे सात मिळते. अजिंठा, वेरूळ, घारापुरी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबईतला व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह आणि आता किल्ले, ही झाली सहा सांस्कृतिक स्थळे. पश्चिम घाट हे नैसर्गिक स्थळ अनेक राज्यांत पसरले आहे आणि कास, कोयना, चांदोली, राधानगरी हे त्याचे भाग महाराष्ट्रात येतात. ते धरले की सात. उत्तरे अशी भिडली की प्रश्नात ‘सांस्कृतिक’ हा शब्द आहे का, ते आधी पाहावे.

गुणांचा हिशेबही ॲपवर फसवा असू शकतो. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या या पेपरात प्रश्नाला 2 गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्यातला पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण, वजा होतो. वीस प्रश्नांच्या चाचणीत चौदा बरोबर आणि सहा चूक आले तर ॲप 70 टक्के दाखवून अभिनंदन करते. परीक्षेच्या हिशेबाने मात्र 28 मधून 3 जाऊन 40 पैकी 25, म्हणजे साडेबासष्ट टक्केच उरतात. शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवून मिळालेले गुण पर्याय ओळखीचे झाल्याचे सांगतात, विषय कळल्याचे नव्हे. म्हणून वजा गुणांची सोय चालू ठेवावी आणि पहिल्या प्रयत्नाचेच गुण वहीत मांडावेत. उत्तर माहीत होते, दोन पर्याय गाळून दिले की नुसताच अंदाज होता, याची खूणही शेजारी करावी. दोन पर्याय खात्रीने गाळता आले तर उत्तर देणे फायद्याचे ठरते. चारही पर्याय सारखेच परके असतील तर चार प्रश्नांमागे सरासरी एकच बरोबर येतो आणि दोन गुणांतून दीड गुण जाऊन हाती अर्धा गुण उरतो. क्रमवारीतल्या क्रमांकाकडे तर दुर्लक्षच करावे. तिथे वेगाला महत्त्व मिळते, आणि वेग बहुधा पाठ झालेल्या प्रश्नांवरच येतो.

ॲपचा खरा उपयोग कुठली घटना आपल्याकडून निसटली हे शोधण्यासाठी होतो. चुकलेला किंवा अंदाजाने सुटलेला प्रश्न घ्यावा आणि त्याची मूळ बातमी गाठावी. केंद्राच्या घटनेसाठी पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रके आहेत, राज्यासाठी ‘महासंवाद’ आणि ‘लोकराज्य’. राज्याच्या आकडेवारीसाठी अर्थसंकल्पाआधी मांडली जाणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी आहे. बातमी वाचून चार-पाच ओळींची नोंद करावी: काय झाले, कोणी ठरवले, कुठे, याआधी काय होते, आणि माहिती कोणत्या तारखेची. किल्ल्यांच्या नोंदीत जिंजी आणि राज्याकडचे चार किल्ले आले की विधानांचा प्रश्न निम्मा सुटतो. मग त्या नोंदीवर स्वतःच प्रश्न करून ते ‘अँकी’सारख्या ॲपमध्ये पर्यायांशिवाय घालावेत. हे ॲप नीट आठवलेला प्रश्न वाढत्या अंतराने आणि विसरलेला लवकर पुढे आणते. पर्याय समोर नसल्यामुळे उत्तर ओळखून चालत नाही, आठवावेच लागते.

नोंदीतली तारीख आणि स्रोत परीक्षेनंतरही उपयोगी पडतात. आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो आणि त्यांचा विचार करून अंतिम उत्तरतालिका काढतो. त्यात काही उत्तरे बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. हरकत घ्यायची तर तिला संदर्भाचा आधार लागतो. मूळ प्रसिद्धिपत्रकाची तारीख ज्याने लिहून ठेवली आहे, त्याला तो शोधत बसावे लागत नाही.