सासूबाईंच्या ताटात प्रथिनं किती?

ताईंनो, मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "सासूबाई जेवतात, तरी बांगड्या ढिल्या झाल्यात. खाटेवरून उठताना हात टेकवावा लागतो." सासूबाई ७० वर्षांच्या, वजन ४५ किलो. आम्ही वहीत त्यांच्या जेवणाचा हिशोब मांडला.

उतारवयात स्नायू लवकर झिजतात. ते टिकवायला दर किलो वजनामागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिनं धरा. म्हणजे सासूबाईंना ४५ ग्रॅम.

पोटात किती जात होतं? चहातलं दूध २, छोटी भाकरी ५, पातळ आमटी २, भाजी १, रात्री भात-आमटी ४. एकूण १४ ग्रॅम! आमटी रोज होती, पण वाटीत पाणीच जास्त. प्रथिनं डाळीत असतात, वरच्या पाण्यात नाहीत.

इथे एक चूक सगळ्यांचीच होते. ५० ग्रॅमचं अंडं खाल्लं म्हणजे ५० ग्रॅम प्रथिनं मिळाली असं नाही. त्यात प्रथिनं ६ ग्रॅमच असतात, बाकी बरंचसं पाणी.

सासूबाईंना एका वेळी जास्त जात नाही, दातही कमी. म्हणून पाच वेळा थोडं थोडं ठरवलं (डाळ-तांदूळ कच्चे मोजलेत, आकडे अंदाजे):

सकाळी ७ : कपभर दूध (१५० मिली) ५, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट (१५ ग्रॅम) ४ = ९
१० वाजता : एक उकडलेलं अंडं = ६
दुपारी १ : छोटी भाकरी ५, मूठभर डाळीचं (३० ग्रॅम) घट्ट वरण ७ = १२
४ वाजता : फुटाण्याचं पीठ (२५ ग्रॅम) ताकात कालवून = ६
रात्री ८ : मूठभर मूगडाळ आणि तेवढ्याच तांदळाची मऊ खिचडी ९, छोटी वाटी दही ३ = १२

बेरीज ४५. अंडं चालत नसेल तर १२ ग्रॅम सोयावडी भिजवून, बारीक करून भाजीत घाला. तेवढीच प्रथिनं मिळतात.

डाळ एकदम वाढवली तर पोट फुगतं. म्हणून दर चार दिवसांनी एकच बदल करा. नुसतं खाऊनही स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम लागतं. खुर्ची भिंतीला टेकवून, कुणी जवळ उभं असताना, दिवसातून दोनदा पाच-पाच वेळा उठबस करायला सांगा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा. दर महिन्याला वजन लिहून ठेवा. खाणं वाढूनही वजन उतरतच राहिलं तर दवाखान्यात दाखवा.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या आजी-आजोबांचं वजन आणि एका दिवसाचं खाणं लिहून आणा. बेरीज मिळून करू.