ज्वारीची भाकरी आणि वजन उचलणाऱ्या मुली

मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला वडगाव मावळच्या हर्षदा गरुडनं ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. तिचा गट होता ४५ किलोचा. स्नॅचमध्ये तिनं ७० किलो उचलले आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट!

या खेळाची मेख अशी की काटा गटाच्या वर जाता कामा नये आणि ताकद मात्र कमी होता कामा नये. आमच्या छत्रपती संभाजीनगरातही आता जिममध्ये बारबेल उचलणाऱ्या मुली दिसतात. कुणाला स्पर्धेच्या गटात बसायचं असतं, कुणाला लग्नाआधी चरबी उतरवायची असते. घरातून सल्ला एकच मिळतो, ‘कमी खा.’ मग मुलगी भाताबरोबर दूध, दही, डाळही सोडते. काटा खाली येतो, घरचे खूश होतात आणि महिन्याभरात काल उचललेला बार आज उचलेनासा होतो. कारण उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात.

हे टाळायचं तर प्रथिनांबद्दल दोन गोष्टी कळायला हव्यात. प्रथिनं ही अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यातलं ल्युसिन हे स्नायूसाठी बटणासारखं काम करतं. एका जेवणातून साधारण २.५ ग्रॅम ल्युसिन मिळालं, की स्नायू बांधायचं काम चांगलं सुरू होतं. पण बटण दाबून भिंत उभी राहत नाही, त्याला विटा लागतात. त्या विटा म्हणजे बाकीची आवश्यक अमिनो आम्लं. त्यातली एक जरी कमी पडली तरी काम तिथंच अडतं.

इथं आपल्या मराठवाड्याच्या ज्वारीची गंमत आहे. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन भरपूर, दूध-अंड्यापेक्षाही जास्त प्रमाणात. इतकं, की १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी, ज्वारीवरच जगणाऱ्या दख्खनच्या गरीब माणसांना होणाऱ्या पेलाग्रा या आजाराचा संबंध या ल्युसिनशी जोडला होता. त्या मतावर पुढे बराच वाद झाला, पण ज्वारीत ल्युसिन मुबलक आहे ही गोष्ट खरीच. मग भाकरी खाऊन दंड का भरत नाहीत? कारण ज्वारीत लायसिन नावाचं दुसरं अमिनो आम्ल फारच कमी असतं. शिवाय पाण्यात शिजल्यावर ज्वारीचं प्रथिन पचायला आणखी अवघड होतं. म्हणजे बटण आहे, विटा नाहीत. डाळीत लायसिन चांगलं असतं, म्हणून भाकरीबरोबर वरण किंवा पिठलं खाणाऱ्या आपल्या आज्या शहाण्याच म्हणायच्या.

पण मैत्रिणींनो, वजन उतरवताना एवढ्यानं भागत नाही. समजा, एक मुलगी ६० किलोची आहे. तिला दोन-तीन किलो उतरवायचे आहेत. एका जेवणाला दर किलो वजनामागे ०.४ ग्रॅम प्रथिनं धरली, तर तिला प्रत्येक वेळी २४ ग्रॅम लागतील. असं दिवसातून चारदा. दिवसभराचा हिशोब किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी साधारण १०० ते १३०.

आता तिचं नेहमीचं खाणं पाहू. सकाळी बशीभर पोहे, शेंगदाणे धरून ६ ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, वाटीभर वरण आणि भाजी, मिळून १८. संध्याकाळी चहा-खारी ३. रात्री नेहमीची खिचडी ११. बेरीज ३८! एकाही वेळी २४ चा आकडा गाठला जात नाही. दुपारी भाकऱ्या वाढवून तो गाठता येईल, पण एका भाकरीत २०० च्या वर कॅलरी असतात. चार भाकऱ्या खाऊन वजन उतरणार कसं? दोन वेळच्या कॅलरी तेवढ्याच ठेवून प्रथिनं वाढवायची, हेच खरं कौशल्य आहे.

दुपारच्या ताटात एक भाकरी कमी करा. भाजीत २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घाला. कोरड्या वजनाच्या बरं का, भिजल्यावर त्या कितीतरी पट फुगतात. एवढ्यातून १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वरण घट्ट ठेवा आणि वाटीभर दही घ्या. ताटात ३० ग्रॅम प्रथिनं आली, ल्युसिनही २.५ ग्रॅमच्या वर गेलं आणि कॅलरी उलट थोड्या कमीच झाल्या.

सकाळी दोन अंडी, पेलाभर दूध आणि अर्धी बशी पोहे घेतले तर २४ होतात. अंडी चालत नसतील तर ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, दूध आणि थोडं दही. संध्याकाळी व्यायामानंतर मोठा पेला दूध, त्यात २५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आणि सोबत मूठभर फुटाणे. रात्रीच्या खिचडीत तांदूळ कमी, त्याच्या दीडपट मूगडाळ आणि सोबत ६० ग्रॅम पनीर. दिवसाची बेरीज १०० च्या पुढे गेली, तीही डबा न विकत घेता.

डब्यातली व्हे पावडर वाईट नाही. ते दुधाचंच प्रथिन असतं, ल्युसिनही त्यात भरपूर असतं. पण ती सोय आहे, गरज नाही. नुसत्या ल्युसिनच्या किंवा तीन अमिनो आम्लांच्या पावडरी मात्र घेऊ नका. बटण तेच, विटांशिवाय! आणि ‘३० ग्रॅमच्या वरचं सगळं वाया जातं’ हेही खरं नाही. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम दुधाचं प्रथिन देऊन पाहिलं, तर शरीर ते बारा तास वापरत राहिलं. म्हणून दिवसाची बेरीज पहिली, वाटणी दुसरी. पण भाकरी-वरणाच्या घरात एकाच वेळी एवढं प्रथिन खाणं अवघड, म्हणून चार वेळा विभागणंच सोपं पडतं.

गती हळूच ठेवायची. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे या मुलीला ३०० ते ४५० ग्रॅम. दोन किलोंना पाच-सहा आठवडे लागू द्यात. बार उचलणं सोडायचं नाही, कारण स्नायू ठेवण्याचा खरा निरोप त्या वजनातूनच मिळतो. एका वहीत रोजचं वजन आणि उचललेले किलो लिहा. दोन आठवडे सलग बार हलका होत गेला, किंवा काटा याहून वेगानं उतरला, तर खाणं फार कमी झालंय असं समजा. पाळी चुकली किंवा थांबली, तर वजन उतरवणं तिथंच थांबवून डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधीच विचारा. आणि वाढत्या वयाच्या मुलींनी प्रशिक्षकाशिवाय वजन उतरवूच नये.

पुढच्या वेळी लेक म्हणाली, ‘आई, मला कमी वाढ,’ तर भाकरी जरूर कमी वाढा. दह्याची वाटी मात्र उचलून ठेवू नका.