कांद्याची एक चित्रफीत वीसपट का पाहिली गेली?

आपल्या नाशिक जिल्ह्यातील काही शेतकरी बंधू हल्ली यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालवितात व कांदा, द्राक्षे इत्यादी पिकांविषयी चित्रफिती प्रसिद्ध करतात. एखादी चित्रफीत नेहमीच्या कितीतरी पट पाहिली गेली म्हणजे यशाची किल्ली हाती आली असे त्यांस वाटते. मग त्याच धर्तीच्या दहा चित्रफिती निघतात आणि बहुतेक पडतात. त्या एका यशात दैवाचा वाटा किती व पुन्हा घडविता येईल असा किती, हे निवडण्याची रीत येथे एका उदाहरणाने सांगतो.

केंद्र सरकारने 7 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात 31 मार्च 2024 पर्यंत बंद केली. दुसऱ्या दिवशी लासलगावचे लिलाव बंद पडले व चांदवड येथे शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग रोखला. समजा, त्याच दिवशी एका वाहिनीने लासलगावहून चित्रफीत काढली आणि सात दिवसांत ती 60,000 वेळा पाहिली गेली.

प्रथम ‘नेहमीचे’ म्हणजे किती, हे ठरविले पाहिजे. मागील वीस चित्रफितींचे आकडे घ्यावेत. मात्र प्रत्येकीचे पहिल्या सात दिवसांचेच घ्यावेत, कारण जुनी चित्रफीत वर्षभर पाहिली जाऊन उगाच मोठी दिसते. ते आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला धरावा. समजा तो 3,000 आला आणि बहुतेक आकडे 1,800 ते 5,500 यांमध्ये पडले. येथे सरासरी उपयोगाची नाही. या विसांत 60,000 मिळविले की सरासरी 5,700 च्या घरात जाते, व तेवढी तर एकही साधी चित्रफीत चाललेली नसते. महसूल खात्यात आणेवारी काढताना एका डौलदार शेतावरून साऱ्या गावाचे पीक कोणी ठरवीत नसे. तोच न्याय येथे लावावा.

यानंतर प्रेक्षक कोठून आले ते पाहावे. यूट्यूब स्टुडिओत हा हिशेब मिळतो. `YouTube search` म्हणजे लोकांनी स्वतः शब्द टाकून शोधले. `Suggested videos` म्हणजे दुसरी चित्रफीत पाहता पाहता ते इकडे वळले. शोधलेल्या शब्दांत ‘कांदा निर्यातबंदी’ हेच पुढे असेल, तर गर्दी बातमीची होय. याहून चांगली खूण म्हणजे शेजारच्या पाच-सहा वाहिन्या. त्यांच्याही त्या आठवड्यातील कांद्याच्या चित्रफिती त्यांच्या नेहमीच्या कित्येक पट गेल्या असतील, तर पाऊस साऱ्या शिवारावर पडला. आपल्या मशागतीचे ते फळ नव्हे.

पण सर्वच श्रेय बातमीस देणे, हीही घाई होईल. समजा, या चित्रफितीत नेहमीचे दीड मिनिटाचे नमस्कार-चमत्कार टाळून पहिल्याच वाक्यात भावावरील परिणाम सांगितला होता, आणि अर्ध्या मिनिटानंतरही टिकून राहिलेले प्रेक्षक नेहमीपेक्षा अधिक होते. हा पुरावा मोहक आहे, परंतु कच्चा आहे. ज्याचा कांदा चाळीत पडून आहे, तो त्या दिवशी रटाळ प्रस्तावनाही ऐकून घेतो. बातमी व मांडणी एकाच वाफ्यात मिसळली, म्हणून त्या वाफ्यावरून निकाल देता येत नाही.

निकालासाठी वेगळे वाफे पाडावे लागतात. बातमी नसलेल्या दिवसांत करपा, फुलकिडे, चाळीतील सड अशा साध्या विषयांवर आठ चित्रफिती काढाव्यात. एकीस थेट सुरुवात, पुढचीस जुनी प्रस्तावना, असा आलटून पालटून क्रम ठेवावा. समजा, थेट सुरुवातीच्या चारींस 4,200, 3,600, 5,000 व 4,600 आणि प्रस्तावनेच्या चारींस 2,700, 3,300, 3,000 व 2,400 असे आकडे आले. सर्व आकडे जुन्या मर्यादेतच आहेत, म्हणून घाईचा मनुष्य ‘काही फरक नाही’ म्हणेल. पण पहिल्या गटातील सर्वांत लहान आकडाही दुसऱ्या गटातील सर्वांत मोठ्याहून मोठा आहे. निव्वळ योगायोगाने वरचे चारही क्रमांक याच गटात पडण्याचा संभव 70 त एक. तेव्हा थेट सुरुवातीने सुमारे दीडपट लाभ होतो असे धरण्यास हरकत नाही, व वीसपटीतील उरलेली तेरापट बातमीच्या व दैवाच्या खाती मांडावी. उलट दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळले असते, तर मांडणीचे श्रेय सोडून द्यावे लागले असते.

एक गोष्ट मात्र राहते. कांद्याविषयी असे निर्णय एकदाच होत नाहीत. 19 ऑगस्ट 2023 रोजी 40 टक्के निर्यातशुल्क बसले, 4 मे 2024 रोजी बंदी उठली, 1 एप्रिल 2025 पासून उरलेले 20 टक्के शुल्कही गेले. या दिवसांच्या आपल्या जुन्या चित्रफिती असतील तर त्यांचे सात-सात दिवसांचे आकडे मधल्या आकड्याशी ताडून पाहावेत. शुल्क बसण्याच्या व बंदीच्या वेळी उसळी आली, पण सवलतीच्या वेळी नाही, असे दिसल्यास लोक संकटाच्या बातमीस धावतात असा तर्क निघेल. मात्र इतक्या थोड्या प्रसंगांवरून तो पक्का मानू नये. तारीख आपल्या हाती नाही. अधिसूचनेच्या दुसऱ्या दिवशी लिलावाच्या वेळी बाजार समितीत उभे राहणे तेवढे आहे.