शिंप्याची चिठ्ठी कशी वाचावी?

लोणावळें, कामशेत किंवा वडगांव येथील शिंप्याच्या वहींत घरांतील वडील मंडळींचीं मापें पडून असतात. मुलें मात्र पुण्यामुंबईस किंवा परदेशीं. मुंजीलग्नाचे कपडे तिकडेच शिवून घ्यावयाचे ठरलें, कीं घरून शिंप्याच्या चिठ्ठीचें छायाचित्र मोबाइलवरून पाठविण्यांत येतें. ती चिठ्ठी शिंप्यानें स्वतःपुरती लिहिलेली असते. म्हणून परक्या शिंप्याच्या हातीं देण्यापूर्वी ती आपण नीट वाचावी, हें बरें. कापडावर कात्री एकदां चालली म्हणजे चूक दुरुस्त होईलच असें नाहीं.

प्रथम अक्षरें पाहूं. मराठींत लिहिणारा शिंपी ‘उं’, ‘छा’, ‘कं’, ‘खां’, ‘बा’ असें लिहितो; तें सहज उमगतें. पुष्कळ शिंपी मात्र इंग्रजी आद्याक्षरें घालतात. ‘एल’ म्हणजे उंची, ‘सी’ म्हणजे छाती, ‘डब्ल्यू’ म्हणजे कंबर आणि ‘एन’ म्हणजे गळा. घोटाळा होतो तो ‘एस’चा. शोल्डर, स्लीव्ह आणि सीट, म्हणजे खांदा, बाही आणि बैठक, या तिन्हींना तेंच एक अक्षर! येथें अक्षर सोडून आंकड्याकडे पाहावें. प्रौढ पुरुषाचा खांदा बहुधा सोळा ते एकोणीस इंच, पुरी बाही तेवीस ते पंचवीस आणि बैठक पस्तिसाच्या पुढें असते. शर्टाच्या ओळींत १७ आणि २४ असे दोन ‘एस’ असले, तर पहिला खांदा व दुसरी बाही हें उघड आहे.

आंकड्यापुढील उभ्या रेघाही ध्यानांत घ्याव्या. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपये-आण्यांच्या हिशेबांत पावली अशीच लिहीत. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि ही खूण व्यवहारांतून मागें पडली. तरी जुन्या वळणाच्या शिंप्यांच्या हातांत ती राहिली. ‘१७॥’ म्हणजे साडेसतरा. त्या दोन रेघा अकराचा आंकडा नव्हेत.

सर्वांत घातक फसगत मात्र अंकांचीच होते. मराठी चार आणि इंग्रजी आठ हे दिसण्यांत जवळजवळ सारखे. आणि दोन व तीन तर दोन्ही लिप्यांत मिळतेजुळतेच. समजा, एका चिठ्ठींत विजारीचीं मापें अशीं आहेत: एल ४०, डब्ल्यू ३४, एस ३९, बी १५. यांतील ‘बी’ म्हणजे पायाची मोहरी. कंबरेचा आंकडा चौतीस कीं अडतीस? बैठक एकोणचाळीस असतां दोन्ही संभवतात; नुसत्या अंदाजानें निकाल लागणार नाहीं. आतां उंची पाहावी. तेथेंही तेंच चिन्ह आहे, आणि तें आठ मानलें तर विजार ऐशीं इंच लांब होईल! म्हणजे हा लिहिणारा त्या आकारानें चारच लिहितो. मोहरींतील पांचही मराठी वळणाचा आहे. तेव्हां कंबर चौतीस, यांत शंका उरत नाहीं.

हा चार इंचांचा फरक लहान नव्हे. अडतीस समजून विजार शिवली, तर मागची शिवण आंत घेतां घेतां मागचे दोन खिसे एकमेकांस येऊन भिडतात. उलट चूक झाली, तर शिवणींत दाबलेलें कापड इतकें नसतेंच कीं विजार चार इंच सैल करतां येईल.

शेवटचा प्रश्न चिठ्ठी क्वचितच सांगते: हीं मापें अंगाचीं कीं तयार कपड्याचीं? अडतीस छातीच्या माणसाचा शर्ट सुमारें बेचाळीस इंच घेराचा असतो, कारण हालचालीसाठीं सैलपणा ठेवावाच लागतो. अंगाचें माप कपड्याचें समजलें, तर शर्ट अंगाला आवळेल. कपड्याचें अंगाचें समजलें, तर तो झग्यासारखा होईल. याची परीक्षा घरींच होते. नीट बसणारा जुना शर्ट बटणें लावून जमिनीवर सपाट पसरावा, एका बगलेपासून दुसरीपर्यंत मोजावें आणि दुप्पट करावी. एकवीस इंच भरले म्हणजे घेर बेचाळीस. चिठ्ठींत तोच आंकडा असेल तर माप कपड्याचें, अडतीसच्या आसपास असेल तर अंगाचें.

छायाचित्र घेतांना चिठ्ठीच्या चारी कडा दिसूं द्याव्या. शर्टाची ओळ कोणती नि विजारीची कोणती, हें वरच्या शब्दावरून कळतें, आणि माप कोणत्या सालचें तें कोपऱ्यांतील तारखेवरून. उतरता खांदा, किंचित् पोंक किंवा सुटलेलें पोट या गोष्टी शिंपी समासांत एखाद्या खुणेनें टिपून ठेवतो. ती खूण त्याच्यावांचून कोणास उलगडत नाहीं. ती दिसल्यास चिठ्ठी पुढें धाडण्यापूर्वी त्यालाच विचारावें, आणि मापें अक्षरीं लिहून छायाचित्रासोबत द्यावीं.