कर्वे, कवें आणि कदम : जोडाक्षरांच्या उचापती

ग्रंथालयाचं जुनं दाखलनोंद रजिस्टर स्कॅन केलं, ओसीआरने त्यातला लेखकांचा रकाना वाचून काढला, आणि आता ही नावं संगणकातल्या लेखकसूचीशी जुळवायची आहेत. इथे इरावती कर्वे हमखास ‘इरावती कवें’ होऊन येतात. रफाराचा आकडा वेलांटीला किंवा मात्रेला चिकटून छापलेला असतो. शाई थोडी पसरली की तो यंत्राला अनुस्वारासारखा दिसतो. ‘र्वे’चा ‘वें’ होतो, ‘र्णी’चा ‘णीं’ होतो.

आता गंमत बघा. दोन नावं किती वेगळी आहेत हे मोजताना संगणक अक्षरं मोजत नाही, साठवलेली चिन्हं मोजतो. ‘कर्वे’ म्हणजे त्याच्या लेखी क, र, हलन्त, व आणि मात्रा, अशी पाच चिन्हं. ‘कवें’वरून ‘कर्वे’वर यायला तीन बदल लागतात. ‘कवें’वरून ‘कदम’वर जायलाही तीनच! आणि ‘कर्वे’ व ‘बर्वे’ यांच्यात फरक फक्त एका चिन्हाचा. म्हणजे ‘तीन बदलांपर्यंत चालेल’ अशी सूट दिली, तर कर्वे सापडतात खरे, पण बर्वे आणि कदमही त्यांच्या घरात शिरतात. म्हणून ‘अंदाजे जुळणी’चं बटण दाबण्याआधी जोडाक्षरं साफ करावी लागतात. ‘कवें’ हा ‘कर्वे’चाच चुकीचा वाचलेला चेहरा आहे, ही माहिती यंत्राला आपण पुरवायची असते.

डोळ्यांना न दिसणारं अक्षर

‘ज्ञानेश्वर’ या शब्दात किती चिन्हं? एक्सेलमध्ये `=LEN(A2)` लिहून बघा. उत्तर 10 यायला हवं. 11 आलं, तर बहुधा मध्ये कुणीतरी लपलं आहे. मराठी वाचकाला ‘श्व’मध्ये अर्धा श सरळ, ओळखीच्या रूपात दिसायला आवडतो, म्हणून टाइप करणारे हलन्तानंतर झिरो विड्थ जॉइनर टाकतात. त्याचा संकेतांक `U+200D`. त्याला स्वतःचं रूप नाही, रुंदीही नाही. पण त्याच्यामुळे सूचीतलं ‘ज्ञानेश्वर’ आणि ओसीआरचं ‘ज्ञानेश्वर’ हे दोन वेगळे शब्द ठरतात. हाताने टाइप केलेल्या सूच्यांमध्ये हा पाहुणा विशेष भेटतो, त्यामुळे सफाई दोन्ही बाजूंची करायची.

मग तो सरसकट पुसून टाकायचा? थांबा! ‘गोऱ्हे’ आणि ‘वऱ्हाडपांडे’ यांचा जीव त्याच्यातच अडकलेला असू शकतो. हा अर्धा र दोन प्रकारे साठवतात: एक, ऱ आणि हलन्त, दुसरा, साधा र, हलन्त आणि तोच अदृश्य जोडक. दुसऱ्या प्रकारातला जोडक उडवला की गोऱ्ह्यांच्या डोक्यावर रफार चढतो आणि ‘गोर्हे’ तयार होतात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी या र ला पक्कं रूप द्यायचं, मगच जोडक काढायचे.

```python
import unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
    return s.replace("\u200D", "").replace("\u200C", "")
```

पहिली ओळ नुक्त्याच्या अक्षरांना एकाच साच्यात आणते, दुसरी र वाचवते, तिसरी उरलेलं अदृश्य सामान बाहेर काढते. या तीन ओळींची अदलाबदल करू नये.

एकेरी रस्ते, दुहेरी रस्ते

काही दुरुस्त्या डोळे मिटून करता येतात. ‘उध्दव’ दिसलं की ‘उद्धव’ करा, कारण मराठी नावात द च्या आधी अर्धा ध येतच नाही. मोकळा ञ सुद्धा असाच. तो ‘ज्ञ’मध्ये असतो किंवा ‘पञ्चानन’सारख्या जुन्या लेखनात चवर्गाच्या आधी. इतरत्र दिसला तर तो वेष बदललेला ‘त्र’ समजावा. इतिहासकार शेजवलकरांचं ‘त्र्यंबक’ या वाटेने ‘ञ्यंबक’ होतं, आणि पुढच्या ओळीने परत मिळतं:

```python
import re
s = re.sub("(?<!\u094D)ञ(?!\u094D[चछजझ])", "त्र", s)
```

पण ‘उद्वव’ आलं म्हणून प्रत्येक द्व चा द्ध करायला जाल, तर ‘विद्वांस’ आडनावाचे लेखक ‘विद्धांस’ होतील. ‘भालचंद’ पाहून प्रत्येक ‘चंद’चा ‘चंद्र’ केलात, तर नेमाडे सुखरूप पोचतील, पण शेजारच्या कपाटातल्या प्रेमचंदांचं ‘प्रेमचंद्र’ होईल. अशा ठिकाणी यंत्राने बदल करायचा नाही, फक्त पर्याय मांडायचे.

चार उमेदवार, एक विजयी

समजा रकान्यात आलं आहे: ‘झानेश्वर नाडकणीं’. हे कलासमीक्षक ज्ञानेश्वर नाडकर्णी आहेत हे तुम्हाआम्हाला लगेच कळतं. यंत्राच्या हिशेबात मात्र मूळ नाव 19 चिन्हांचं आणि बदल सहा, म्हणजे साम्य जेमतेम 68 टक्के. 80 टक्क्यांची अट लावली असेल, तर नाव ‘सापडलं नाही’च्या ढिगात जाणार.

आता संशयित तुकडे शोधा. झ च्या जागी ज्ञ असू शकतो, णीं च्या जागी र्णी असू शकतो. दोन तुकडे, प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणून उमेदवार चार. चौघांनाही सूचीत तंतोतंत शोधायचं. अंदाजे अजिबात नाही. ‘झानेश्वर नाडकर्णी’ सूचीत नाही, ‘ज्ञानेश्वर नाडकणीं’ नाही, जसंच्या तसं नावही नाही. एकच उमेदवार सापडतो आणि तोच खरा. ही पद्धत ‘पेंडसे’ या नावालाही धक्का लावत नाही. तिथला पें पाहून रफाराचा संशय घेता येईल, पण ‘र्पेडसे’ नावाचा लेखक कुठल्याच सूचीत भेटणार नाही.

एकाऐवजी दोन उमेदवार सापडले, तर निर्णय माणसाचा, आणि तोही स्कॅनमधली मूळ ओळ समोर ठेवून. नुसत्या टंकलेल्या नावाकडे बघून घेतलेला निर्णय हा पुन्हा अंदाजच असतो.

शब्दकोशाशिवाय पकडता येणारे चोर

देवनागरीत काही क्रम अशक्यच आहेत. हलन्ताच्या लगेच पुढे काना, दोन हलन्त शेजारी शेजारी, शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी. यातलं काहीही दिसलं तर नाव कोणतं आहे हे माहीत नसतानाही वाचन बिघडल्याचं सांगता येतं. या नोंदी सर्वांत आधी बाजूला काढाव्यात. रफारवाला ‘र्ह’ही त्यांच्याबरोबर तपासावा, कारण ‘अर्हत’सारखा एखादा शब्द सोडला तर तिथे बहुतेक वेळा एखादे गोऱ्हे अडकलेले असतात.

‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ यांचं मात्र वेगळं आहे. इथे यंत्र चुकलेलं नाही. माणसं आपलं नाव खरंच दोन्ही तऱ्हांनी लिहितात. ‘विष्णु’ आणि ‘विष्णू’चंही तसंच. हे भेद जुळणीपुरते मिटवायचे, तेही शेजारी नवा रकाना करून. त्यात ऱ्हस्वदीर्घ एक करा, त्रय-त्रेय एक करा, आणि जुळणी त्याच्यावर चालवा. ओसीआरने दिलेला मूळ रकाना जसाच्या तसा ठेवा. महिनाभराने एखादा नियम चुकीचा निघाला, तर नव्याने सुरुवात तिथूनच करता येते.